पाइप दिसतो त्यापेक्षा लांब असतो : रेझोनन्सच्या प्रकल्प नोंदी

११ एप्रिल

पुतणी यंदा बारावीत जाते. अकरावीत तिने रेझोनन्स ट्यूबने ध्वनीचा वेग काढायचं प्रॅक्टिकल केलं होतं. केलं म्हणजे सहा जणींच्या मागे उभं राहून पाहिलं आणि आकडे वहीत उतरवून घेतले. सुट्टीत तेच घरी नीट करायचं ठरलं. शेतात पाइपलाइनच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप पडला होता. त्यातला १ मीटरचा तुकडा करवतीने सरळ कापला आणि तोंडाची कड पॉलिश पेपरने घासून घेतली. आतला व्यास तीन ठिकाणी मोजला, २९ मिलिमीटर भरला. हा आकडा पुढे लागणार आहे म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवला.

पाण्यासाठी ११० मिलिमीटरचा जाड पाइप उभा केला आणि खालचं तोंड टोपण लावून सोल्यूशनने बंद केलं. त्यात काठोकाठ पाणी. त्या पाण्यात बारीक पाइप वर-खाली करायचा. पाण्याच्या वर जेवढा पाइप उरतो तेवढा आपला हवेचा स्तंभ. त्याचं खालचं टोक पाण्याने बंद आणि वरचं उघडं. आवाजासाठी फोनवर phyphox टाकलं. त्यातल्या टोन जनरेटरवर ५१२ हर्ट्‌झ लावले, कारण प्रयोगशाळेतला ट्यूनिंग फोर्कही ५१२ चाच असतो आणि तिला तो आकडा ओळखीचा आहे.

१२ एप्रिल, सकाळी ६.४०

पत्र्याच्या शेडमध्ये मांडणी केली. तापमान २६ अंश. फोन पाइपच्या तोंडावर अगदी जवळ, बोटभर अंतरही नाही, असा धरला आणि पाइप हळूहळू वर उचलला. एका जागी आवाज एकदम भरून आला. पुतणी म्हणाली, "काका, पाइपच बोलायला लागला की!" रेझोनन्स म्हणजे तेच. फोनचा आवाज आहे तेवढाच राहतो, पण स्तंभाची लांबी जुळली की आतली हवा त्याच तालावर जोराने हलू लागते.

ही पहिली जागा पाण्यापासून १५.४ सेंटिमीटरवर सापडली. पुस्तकात लिहिलंय की एका बाजूने बंद असलेल्या नळीत पहिल्या रेझोनन्सला लांबी तरंगलांबीच्या पाव असते. पाण्याजवळ हवा हलू शकत नाही, तो निस्पंद बिंदू. उघड्या तोंडाशी ती सर्वांत मोकळी हलते, तो प्रस्पंद बिंदू. या दोहोंतलं अंतर पाव तरंगलांबी. म्हणून ध्वनीचा वेग म्हणजे चारपट लांबी गुणिले वारंवारता:

```
v = 4 × 512 × 0.154 = 315 m/s
```

उत्तर पाहून ती गप्प झाली. शून्य अंशाला, पाणी गोठतं तिथे, ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि तापमान वाढलं की तोही वाढतो. आमच्या शेडमध्ये २६ अंश होते आणि आम्ही मात्र बर्फाहूनही थंड हवेचा वेग काढून बसलो. २६ अंशांना तो साधारण ३४७ यायला हवा. ३२ मीटरची चूक पट्टी वाचण्यात होत नाही. त्यासाठी लांबी दीड सेंटिमीटरने चुकायला हवी, आणि तेवढं आमच्या डोळ्यांतून सुटणार नाही.

१२ एप्रिल, सकाळी ७.३०

तिला पाइप आणखी वर उचलायला लावला. आवाज पडला, बराच वेळ पडलेलाच राहिला, आणि ४९.२ सेंटिमीटरला पुन्हा भरून आला. ही दुसरी जागा. इथे पाइपात पावाऐवजी पाऊण तरंगलांबी बसते. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या जागेत बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा फरक. ४९.२ वजा १५.४ म्हणजे ३३.८ सेंटिमीटर.

```
v = 2 × 512 × 0.338 = 346 m/s
```

हे उत्तर बसतं. तोच पाइप, तीच पट्टी, तोच फोन. एकट्या पहिल्या जागेवरून ३१५ येतात आणि दोघींच्या वजाबाकीतून ३४६. म्हणजे लांबीत काहीतरी कायमचं कमी धरलं जातंय, आणि ते दोन्ही जागी सारखंच असल्यामुळे वजाबाकीत निघून जातं.

कमी काय धरलं जातं, हे तिला पटवायला वेळ लागला. आपण पाइप संपतो तिथे पट्टी थांबवतो, पण हवेला तिथे पाइप संपल्याचं लगेच कळत नाही. तोंडाशी जोराने हलणारी हवा बाहेरच्या थोड्या हवेलाही सोबत हलवते. तो बाहेरचा लहानसा गोळा आतल्या स्तंभाचाच भाग असल्यासारखा वागतो. त्यामुळे प्रस्पंद बिंदू तोंडावर नसून तोंडाच्या किंचित बाहेर असतो. पाइप जेवढा दिसतो त्याहून आवाजापुरता लांब असतो. यालाच एंड करेक्शन म्हणतात. पुस्तकात ते व्यासाच्या ०.३ पट दिलेलं असतं. लेव्हिन आणि श्विंगर यांनी १९४८ साली पातळ भिंतीच्या मोकळ्या नळीसाठी हे गणित पुरतं सोडवलं आणि त्रिज्येच्या ०.६१ पट उत्तर काढलं. म्हणजे पुस्तकातला ०.३ चा आकडा चांगलाच जवळचा आहे.

आमच्या पाइपला ते यायला हवं २९ × ०.३, म्हणजे ८.७ मिलिमीटर. मोजमापावरूनही काढता येतं: दुसऱ्या जागेतून पहिलीची तिप्पट वजा करायची आणि उरेल त्याचं अर्धं करायचं. ४९.२ वजा ४६.२ म्हणजे ३, त्याचं अर्धं दीड सेंटिमीटर.

पाहिजे होतं ०.८७ आणि आलं १.५. हे जवळजवळ दुप्पट आहे. आज इथेच थांबलो, ऊन चढलं.

१३ एप्रिल, सकाळी ६.३०

रात्री विचार केला तेव्हा एकाच गोष्टीवर संशय राहिला, फोन. तो पाइपच्या तोंडावर झाकणासारखा धरला होता. तोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेला सरळ वर जागाच नव्हती, फोनच्या कडेने चेंगरून बाजूला जावं लागत होतं. अशी अडलेली हवा जड वाटते, आणि जड हवा म्हणजे स्तंभ आणखी लांब असल्यासारखा. थोडक्यात, फोननेच एंड करेक्शन फुगवलं होतं.

आज फोन तोंडापासून दहा सेंटिमीटर दूर आणि थोडा बाजूला, स्टुलावर ठेवला. आवाज बारीक वाटला, पण जागा नीट सापडली: १६.० आणि ४९.८. वजाबाकी कालचीच, ३३.८. वेगही कालचाच, ३४६. एंड करेक्शन मात्र (४९.८ वजा ४८.०) चं अर्धं, ०.९ सेंटिमीटर. पुस्तकातल्या ०.८७ ला चिकटून.

मला हा निकाल वेगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. वेग तर कालही बरोबरच होता, वजाबाकीने तो वाचवला होता. तोंडाशी काहीतरी अडतंय हे फक्त एंड करेक्शननेच दाखवलं. प्रॅक्टिकलच्या वहीत ही ओळ शेवटी उरकून टाकतात. खरं तर मांडणी चुकली की नाही हे तपासायची जागा तीच. फोर्क वापरतानाही त्याच्या पात्या तोंडावर टेकवून धरल्या की असंच होतं.

पण हा आकडा नाजूक आहे. पहिल्या जागेची तिप्पट घ्यायची असल्याने तिथे एका मिलिमीटरची चूक झाली की एंड करेक्शन दीड मिलिमीटरने हलतं. म्हणून पहिली जागा दहा वेळा घेतली. पद्धत अशी: आधी खालून वर येताना आवाज कुठे सर्वांत मोठा होतो तिथे पेन्सिलची खूण, मग वरून खाली येताना दुसरी खूण, आणि दोहोंच्या मधोमध जागा. एकाच बाजूने गेलं तर कान नेहमी थोडा पुढे जाऊन थांबतो.

आवाज मोजायला दुसऱ्या फोनचा व्हॉइस रेकॉर्डर वापरून पाहिला, तो कामाला आला नाही. रेकॉर्डर आवाज मोठा झाला की आपोआप स्वतःची संवेदनशीलता कमी करतो, त्यामुळे शिखर सपाट दिसतं. कानच बरा.

१९ एप्रिल, दुपारी ३.१०

आज मुद्दाम दुपार निवडली. शेडमध्ये खांबाला टांगलेला थर्मामीटर ४० दाखवत होता. कूलर बंद ठेवला, त्याच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही. घामाने हात निसटत होते. ४० अंशांना वेग ३५४.७ यायला हवा, म्हणजे दोन जागांतलं अंतर ३४.६ सेंटिमीटर.

आलं ३४.३. वेग ३५१.

"काका, असं कामून होतंय? सकाळी तर बरोबर आलं होतं," पुतणी म्हणाली. पुन्हा तीनदा घेतलं, ३४.३ च. हा आकडा हलत नाही म्हणजे तो काहीतरी सांगतोय.

थर्मामीटर दोरा बांधून पाइपच्या आत सोडला. तोंडाशी ३८, आणि पाण्याच्या जरा वर ३३. म्हणजे आम्ही शेडची हवा मोजली आणि आवाज चालला होता पाइपातल्या हवेतून. ते पाणी सकाळी रांजणातून भरलेलं. रांजणाचं पाणी ज्या कारणाने थंड राहतं त्याच कारणाने ते पाइपातही वरची हवा थंड करत होतं, बाष्प होऊन. सकाळी हवा आणि पाणी दोन्ही जवळपास सारखेच असल्यामुळे हे लपून राहिलं.

आणखी एक गुंता आहे. पाण्यावरची हवा दमट असते, आणि दमट हवेत आवाज थोडा वेगाने जातो, कारण पाण्याच्या वाफेचे रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलके. या उष्ण तापमानाला हवा पूर्ण दमट असली तर फरक सेकंदाला दोन-तीन मीटरपर्यंत जातो. म्हणजे थंडावा वेग कमी करतो आणि ओलावा वाढवतो, आणि त्यांचं प्रमाण पाइपात वर-खाली बदलत जातं. अशा हवेचा एक वेग सांगण्यात अर्थ नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी हा प्रयोग पाण्यावर करायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

२३ एप्रिल

पाण्याऐवजी कोरडा दट्ट्या केला. गल्लीतल्या सुतारमामांनी शिसवीची गोल चकती काढून दिली, पाइपात ढिली जाईल एवढी. तिच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली, आणि मागे पडद्याची ॲल्युमिनियमची दांडी. पाइप आता टेबलावर आडवा. दट्ट्या आत सरकवला की बंद टोक सरकतं.

पहिल्या तासात रेझोनन्स फारच मंद आला. दट्ट्या एका बाजूने हवा सोडत होता. पाइपच्या मागून तोंडाने फुंकून पाहिलं तर फुंकर पुढे लागली. ट्यूबची दुसरी पट्टी चढवल्यावर फुंकर थांबली आणि आवाज भरला. बंद टोक खरंच बंद असावं लागतं, बारीक फट राहिली तरी तिथली हवा हलते आणि निस्पंद बिंदू ढासळतो.

२६ एप्रिल, दुपारी २.३० ते ४.१५

मला ज्याची वाट होती तो दिवस. आमचं जुनं घर माळवदाचं आहे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४१ अंश आणि माळवदाच्या आतल्या खोलीत ३१. वीस पावलांवर दहा अंशांचा फरक. एकाच दुपारी, एकाच पाइपने, दोन वेगळ्या हवा मोजता येतात.

शेडमधून घरात नेलेला पाइप लगेच वापरला नाही. पीव्हीसी तापलेलं असतं आणि आतल्या हवेला तापवत राहतं. अर्धा तास आडवा ठेवला, दोन्ही तोंडं उघडी. मग मोजलं. आता तिसरी जागाही घेतली, कारण पाइप मीटरभर आहे आणि तिसरी जागा ८५ च्या आसपास येते. पहिली आणि तिसरी यांतलं अंतर अख्खी तरंगलांबी, त्यामुळे पट्टीची चूक मोठ्या आकड्यात विरते.

माळवदात पहिली जागा १६.१, तिसरी ८४.२. तरंगलांबी ६८.१ सेंटिमीटर, वेग ३४८.७.

पत्र्याखाली पहिली १६.४, तिसरी ८५.६. तरंगलांबी ६९.२, वेग ३५४.३.

पहिल्या जागेवर फरक अवघा ३ मिलिमीटर, तो पेन्सिलच्या खुणेतच हरवला असता. तिसऱ्या जागेवर तो १४ मिलिमीटर झाला, बोटाच्या रुंदीएवढा. पुतणीने माळवदातली खूण दांडीवर लाल आणि शेडमधली निळी केली. दोन खुणांमधलं अंतर बघून ती म्हणाली, "म्हणजे हा उन्हाचा फरक डोळ्याला दिसायला लागला." तिची आजी मधेच येऊन विचारून गेली की एवढ्या उन्हात पाइप घेऊन कशाला घरात-शेडात करताय. दांडी दाखवली तर म्हणाली, माळवद थंड असतं हे मोजायला पाइप कशाला पाहिजे! पण खुणा तिने नीट पाहिल्या आणि पुन्हा एकदा आवाज काढून दाखवायला लावला.

हिशोबाने ३१ अंशांना ३४९.६ आणि ४१ अंशांना ३५५.३ हवे. आमचे दोन्ही आकडे साधारण एकने कमी आहेत. दोन्हीकडे सारखेच कमी, म्हणून ही केवळ वाचनातली चूक मानत नाही. बारीक पाइपात भिंतीला लागून असलेला हवेचा पातळ थर भिंतीशी घासतो आणि उष्णताही भिंतीला देतो-घेतो, त्यामुळे आतला आवाज मोकळ्या हवेपेक्षा किंचित हळू जातो. पाइप जेवढा बारीक आणि स्वर जेवढा खालचा, तेवढं हे जास्त. आमच्या पाइपला ५१२ हर्ट्‌झवर ते सेकंदाला दीड-दोन मीटर व्हावं, आणि हवेतल्या थोड्या ओलाव्याने त्यातलं काही भरून निघावं. एवढा हिशोब जुळतो. वजाबाकीने एंड करेक्शन जातं, पण भिंतीचा हा परिणाम जात नाही, तो पूर्ण लांबीभर असतो. तो कमी करायचा तर रुंद पाइप घ्यायचा, पण रुंद पाइपला एंड करेक्शन मोठं.

तिसरी जागा शोधताना जाणवलं की शिखर पसरट होतं. पहिल्या जागेवर दट्ट्या दोन मिलिमीटर हलवला की आवाज पडतो, तिसऱ्यावर जवळपास सेंटिमीटरभर हलवावा लागतो. तेही भिंतीमुळेच. लांब स्तंभात घासायला भिंत जास्त. म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी खुणा करण्याला पर्यायच नाही.

३ मे, माळवदाची खोली, ३१ अंश

आज उलटं केलं. लांबी पक्की ठेवली आणि स्वर बदलला. त्याच पाइपातून बरोबर ५० सेंटिमीटरचा तुकडा कापला. फोनचा स्पीकर २०० हर्ट्‌झच्या खाली काही धड देत नाही, म्हणून लहान ब्लूटूथ स्पीकर आणला आणि तोही तोंडापासून दहा सेंटिमीटर दूर ठेवला. एक टोक दट्ट्याने अगदी कडेशी बंद केलं आणि टोन एकेक हर्ट्‌झने वाढवत नेला.

बंद पाइप बोलला तो १७१, ५१४ आणि ८५७ ला. एकास तीनास पाच. मधे ३४२ ला, म्हणजे १७१ च्या दुपटीला, पाच मिनिटं कान लावून बसलो. काही नाही, नुसता स्पीकर. एका टोकाला हवा बांधलेली आणि दुसऱ्याला मोकळी, म्हणून पाइपात पाव तरंगलांब्या विषम संख्येनेच बसतात. दुप्पट स्वराला दोन पाव लागतील, म्हणजे दोन्ही टोकं सारखी लागतील, आणि तशी ती नाहीत.

मग दट्ट्या काढला. तोच तुकडा दोन्हीकडून उघडा. आता ३३६, ६७४, १०११. इथे एकास दोनास तीन, सगळे हार्मोनिक हजर.

पुतणीने वही पुढे केली. उघड्या पाइपचा पहिला स्वर बंद पाइपच्या दुप्पट असतो असं पुस्तकात आहे, मग १७१ ची दुप्पट ३४२ का नाही आली? प्रश्न अगदी जागेवरचा. तिलाच काढायला लावलं. बंद पाइपला उघडं तोंड एक, म्हणून ५० मध्ये ०.८७ एकदाच मिळवायचे, ५०.८७. उघड्या पाइपला तोंडं दोन, ५१.७४. उघडा पाइप तेवढा जास्त लांब, म्हणून त्याचा स्वर तेवढा खाली. ३४२ ला ५०.८७ ने गुणून ५१.७४ ने भागलं तर ३३६. तिने गुणाकार दोनदा करून पाहिला आणि शेवटी ३३६ भोवती चौकट काढली.

४ मे

तिने सकाळीच विचारलं की तुकडा ५० ऐवजी १० सेंटिमीटरचा घेतला तर ही गफलत किती वाढेल. एंड करेक्शन पाइपच्या रुंदीवर ठरतं, लांबीवर नाही. म्हणजे १० सेंटिमीटरला बंद पाइप १०.८७ आणि उघडा ११.७४. दुपटीऐवजी गुणोत्तर यायला हवं १.८५, म्हणजे सप्तकाला चक्क अर्ध्या सुराहून जास्त कमी. करवत काढली आहे. कड घासून झाली की मोजतो.